'अंतर्गत विक्री' म्हणजे विक्री झाली की नाही?

चौकस: ईआरपीतून प्रॉफिट सेंटरनिहाय रिपोर्ट काढला. ओतकाम युनिटचा नफा 20,000, मशीनिंगचा 14,000. कंपनीच्या नफातोटा पत्रकात मात्र 28,000च. वरचे 6,000 कुठले? आणि रिपोर्टमधली 'अंतर्गत विक्री' विक्री समजायची का?

जमाखर्च: नाही. एकाच कंपनीतल्या दोन युनिटांमधला व्यवहार आहे तो. एकाचं उत्पन्न, दुसऱ्याचा खर्च. बेरजेत खोडलं जातं, त्यामुळे फरक यायलाच नको. कुठेतरी एंट्री चुकली असणार.

करदाता: यात आर्म्स लेंथ दर, म्हणजे परक्या ग्राहकाला लावला असता तोच दर, लावला नाही तर कर खातं विचारतं. आमच्या परदेशी उपकंपनीबाबत हेच झालं होतं.

तळटीप: करदाता, तुम्ही म्हणता ते दोन वेगळ्या कंपन्यांमधलं. इथे कायदेशीर कंपनी एकच आहे, दर फक्त व्यवस्थापनासाठी आहे. जमाखर्च, माल पुढे विकला गेला असेल तरच पूर्ण खोडलं जातं. चौकस, मशीनिंगकडे साठा किती शिल्लक आहे? आणि नगाचे आकडे द्या.

चौकस: ओतकामाचा खर्च नगाला 80, मशीनिंगला लावलेली ट्रान्सफर प्राइस 100, पाठवले 1,000 नग. मशीनिंगचा खर्च आणखी 30, बाहेर विक्री 150ला. विकले 700, तयार होऊन पडून 300.

तळटीप: मग हिशोब सरळ आहे. ओतकामाने 1,000 नगांवर 20 प्रमाणे नफा धरला. मशीनिंगला मात्र 700वरच 20 सुटले. कंपनीचा नफा 700 गुणिले 40, म्हणजे 28,000. तुमचे 6,000 त्या 300 नगांच्या किमतीत बसलेत. माल बाहेर जाईपर्यंत कंपनीच्या पातळीवर तो नफा नाहीच, आणि कंपनीच्या ताळेबंदात साठा 130ने नव्हे, 110नेच लागला पाहिजे. फरक या आकड्याशी जुळला नाही, तरच एंट्री शोधा. सॅपमध्ये असाल तर आधी डमी प्रॉफिट सेंटर उघडा. मटेरियल मास्टरला प्रॉफिट सेंटर लावलेलं नसेल, तर नोंदी तिथे जाऊन पडतात.

लोखंडे: आमच्याकडे ट्रान्सफर प्राइस म्हणजे 'प्रत्यक्ष खर्च अधिक 25 टक्के'. ओतकामात भंगार वाढून खर्च 90 झाला की दर 112.50. म्हणजे गलथानपणा त्यांचा, नफा 20वरून 22.50 त्यांचाच, आणि मार्जिन गेलं म्हणून मीटिंगमध्ये बोलणी खायची आम्ही मशीनिंगवाल्यांनी!

तळटीप: म्हणून दर आधी ठरवलेल्या प्रमाण खर्चावर बांधून वर्षभर गोठवावा. जादा 10 मग व्हेरियन्स म्हणून ओतकामाच्याच माथी बसतात.

जमाखर्च: साठ्याचं मान्य, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण प्रमाण खर्च तरी का? बाजारभाव लावा.

लोखंडे: आमचं कास्टिंग बाहेर कोणी बनवतच नाही. भाव आणायचा कुठून?

जमाखर्च: बाहेरून कोटेशन मागवून.

लोखंडे: ऑर्डर द्यायचीच नाही, मग खरं कोटेशन कोण देईल?