‘डन, वर्किंग फाइन’ लिहून तिकीट बंद करणाऱ्यांसाठी

धंतोलीचा_धोंडू:
आमच्या टीम लीडने फतवा काढला आहे. तिकीट बंद करताना काय केलं आणि का केलं ते क्लोजिंग नोटमध्ये लिहायचं म्हणे. काउन? बदल गिटमध्ये आहे, बोलणं चॅटमध्ये आहे. काम करायचं का निबंध लिहायचे? ‘डन, वर्किंग फाइन’ पुरते. तसंही त्या नोटा कोणी वाचत नाही.

सक्करदऱ्याची_सून:
मी वाचते. रात्री पावणेतीनला, डिस्क भरल्याचा अलर्ट वाजत असताना वाचते. म्हणून जरा लांबच लिहिणार आहे, बसून घे.

बिलिंगच्या सर्व्हरवर `No space left on device` आलं. जुनी तिकिटं काढली तर याच सर्व्हरची चार सापडली, वेगवेगळ्या लोकांनी बंद केलेली. ‘डिस्क क्लिअर केली.’ ‘सर्व्हिस रीस्टार्ट केली, ओके.’ ‘डन.’ चौथ्याने तर जागा करायला जुने बॅकअपच उडवले होते, आणि तेही त्याच्या नोटमध्ये नव्हतं. आम्हाला ते कळलं बॅकअप लागला तेव्हा.

आता गंमत बघ. `df -h` म्हणतं 50 जीबीपैकी 47 भरले. `du` ने सगळे फोल्डर मोजले तर जेमतेम 16. मधले 31 जीबी कुठे गेले? `app.log` तर शून्य बाइटची दिसत होती. मग `lsof +L1` चालवलं, तेव्हा चोर सापडला. रोज रात्री logrotate फाइलचं नाव बदलत होता, तिची gz करत होता आणि मूळ फाइल पुसत होता. पण आमची जावा प्रोसेस तीच पुसलेली फाइल हातात धरून तिच्यात लिहीत बसली होती. प्रोसेस सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. रीस्टार्ट केलं की फाइल सुटते, डिस्क रिकामी दिसते आणि माणूस ‘डन’ लिहून घरी जातो. पुढच्या वेळी पुन्हा तेच, फक्त माणूस दुसरा.

त्या चौघांपैकी पहिल्याने ‘रीस्टार्टनंतर 31 जीबी अचानक मोकळे झाले, लॉग पुसून काही झालं नव्हतं’ एवढं जरी लिहिलं असतं, तरी दुसऱ्याला वास आला असता.

धंतोलीचा_धोंडू:
बरं ताई, मग तू सुधारलं ना? बदल गिटमध्ये गेला ना? विषय संपला. `git log` पाहणाऱ्याला सगळं दिसते.

सक्करदऱ्याची_सून:
गिटमध्ये काय दिसते ते इथेच टाकते.

```
/var/log/bill/app.log {
    daily
    rotate 7
    compress
    copytruncate
}
```

यात शेवटची ओळ मी घातली. आता फाइलचं नाव बदलत नाही. तिची नक्कल निघते आणि मूळ फाइल जागेवरच रिकामी होते. पण नक्कल काढणं आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी हरवू शकतात. उद्या एखादा हुशार पोट्टा येईल, म्हणेल हे काय गावठी काम, लॉग हरवतात, आणि ती ओळ काढून नीट `postrotate` मध्ये HUP सिग्नल घालेल. आमची प्रोसेस HUP मिळाला की लॉग पुन्हा उघडत नाही, सरळ बंद पडते. म्हणजे मध्यरात्री बिलिंगच बंद. मी HUP का टाळला हे गिटला कुठून माहीत? गिटला आलेली ओळ दिसते, न आलेली दिसत नाही.

म्हणून नोट अशी लिहिली:

> लक्षण: No space left on device. df आणि du मध्ये 31 जीबीचा फरक, app.log शून्य बाइट. कारण: रोटेशननंतरही प्रोसेस पुसलेल्या फाइलमध्ये लिहीत होती (lsof +L1 मध्ये दिसली). copytruncate घातलं. HUP मुद्दाम वापरला नाही, चाचणी सर्व्हरवर दिला तर प्रोसेस बंद पडली. रोटेशनच्या क्षणी थोड्या ओळी हरवू शकतात, हे बिलिंगच्या टीमला सांगितलं आहे, त्यांची हरकत नाही. रोटेशन हाताने चालवून पाहिलं, lsof +L1 मध्ये आता काही नाही. बाकी: ॲप स्वतः लॉग फिरवेल तेव्हा हे काढायचं, त्याचं तिकीट वेगळं उघडलं आहे.

याला निबंध म्हणतोस? आणि ती एररची ओळ जशीच्या तशी का, तर पुढचा माणूस शोधताना तीच चिकटवणार. ‘डिस्कचा इश्यू’ असं कोणी शोधत नाही.

इतवारीचा_भाऊ:
ताई सगळं बरोबर, पण हे लिहायला वेळ कोण देते? आमच्याकडे चार तासांचा एसएलए आहे. तीन तास पन्नास मिनिटांनी लीडचा फोन येते, “भाऊ, आधी रिझॉल्व्ह कर, मग पाहू.” मग ‘डन’च लिहिल्या जाते. नोट भरायची राहिली म्हणून कोणी विचारत नाही, घड्याळ लाल झालं तर मात्र सगळ्यांना मेल.

मिहानची_रात्रपाळी:
आमच्याकडे याच्याही पुढे गेले आहेत. तिकीट ‘युजरच्या उत्तराची वाट’ मध्ये टाकायचं, की घड्याळ थांबते. युजरला काही विचारलेलंच नसते. तो बिचारा वाट पाहून राहिला आणि आम्ही म्हणून राहिलो की त्याचीच वाट पाहतो. महिनाअखेरीस तक्ता हिरवागार.

इतवारीचा_भाऊ:
अगदी! आणि तीन दिवस उत्तर नाही म्हणून सिस्टीम आपोआप तिकीट बंद करते. क्लोजिंग नोट: ‘युजरने प्रतिसाद दिला नाही.’

रामदासपेठी:
मी अशा तक्त्यांवर सही करणारा माणूस आहे, शिव्या द्या. पण घड्याळ थांबवायची सोय काढली तर तुम्हीच आधी ओरडाल. युजर दोन दिवस स्क्रीनशॉट पाठवत नाही, ते दोन दिवस कोणाच्या खात्यावर टाकायचे? माझ्या टीमला मी एवढंच सांगतो, तिकीट ‘वाट’ मध्ये टाकताना युजरला नेमका कोणता प्रश्न विचारला तो लिहा. प्रश्न लिहिलेला नसेल तर मी परत पाठवतो.

इतवारीचा_भाऊ:
परत पाठवता म्हणजे घड्याळ पुन्हा सुरू, आणि लाल कोण होते? आम्ही. तुमचा केबिनमधला एसी चालू राहते.

रामदासपेठी:
एसीवर यायचं काही कारण नव्हतं.

वीजकेंद्रातले_काका (निवृत्त):
तुम्ही मुलं शिफ्टचा चार्ज देण्याघेण्याबद्दल बोलताय असं समजून लिहितो. आमच्याकडे लॉगबुक होतं. एका पंपाच्या बेअरिंगचा तापमानाचा अलार्म सारखा वाजायचा. रात्रीच्या माणसाने सेन्सर खराब आहे असं धरून अलार्मची मर्यादा 75 अंशांवरून 90 वर नेली आणि लिहिलं, ‘अलार्म नॉर्मल केला.’ सकाळच्याने वाचलं, नॉर्मल आहे. सेन्सर चांगलाच होता. बेअरिंग गेलं, शाफ्टलाही चरे पडले. चौकशीत तो म्हणाला, मी लिहिलं होतं ना!

सक्करदऱ्याची_सून:
काका, विषय थोडा वेगळा आहे, पण तुमचं उदाहरण माझ्यापेक्षा भारी आहे. जे तात्पुरतं बदललं आणि परत आणायचं आहे, ते तर लिहायलाच हवं.

वीजकेंद्रातले_काका (निवृत्त):
आणि कोण परत आणणार तेही. नाहीतर तात्पुरतं कायमचं होतं. पेनानेच लिहायचो आम्ही, खोडलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. आता तुमच्याकडे एडिटचं बटण आहे म्हणे.

मिहानची_रात्रपाळी:
खरी भीती कोणीच बोलून नाही राहिलं. कारण लिहिलं की आरसीएच्या मीटिंगमध्ये तोच परिच्छेद मोठ्या स्क्रीनवर. “तुम्हीच लिहिलंय, कॉन्फिगरेशन चुकलं होतं. कोणी चुकवलं?” माझ्या एका सहकाऱ्याचं अप्रेझल अशाच प्रामाणिक नोटवर अडलं. त्या दिवसापासून तो ‘डन’ लिहितो. त्याला आळशी म्हणायची माझी हिंमत नाही.

धंतोलीचा_धोंडू:
आता आली गाडी रुळावर! मी तेच म्हणतो. नोट म्हणजे आपल्याच गळ्यात घंटा.

सक्करदऱ्याची_सून:
तू ते म्हटलंच नव्हतं भैताडा, तू म्हणाला कोणी वाचत नाही. आता म्हणतो फार वाचतात. एक काहीतरी ठरव.

रात्रपाळी, तुझं मात्र खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. मी माणसाचं नाव लिहीत नाही, फाइलचं लिहिते. ‘रोटेशननंतर प्रोसेस जुनी फाइल धरून होती’ यात कोणाचं नाव आहे? तरी ज्याला नाव काढायचं तो काढतोच, हे मान्य.

कॉटन_मार्केट:
मध्येच तोंड घालतो. ताई, `copytruncate` बरोबर आहे, पण प्रोसेसने फाइल कशी उघडली आहे? स्टार्ट स्क्रिप्टमध्ये `>` असेल तर फाइल रिकामी झाल्यावरही प्रोसेस जुन्याच जागेपासून पुढे लिहिते. मग `ls -l` मध्ये फाइल परत 31 जीबीची दिसते, `du` मध्ये काही एमबी. डिस्क भरत नाही, पण पाहणारा घाबरून काहीतरी पुसतो. `>>` पाहिजे. तुमच्या नोटमध्ये ते नाही.

धंतोलीचा_धोंडू:
घ्या! एवढी रामायणासारखी नोट, तरी अपुरीच.

सक्करदऱ्याची_सून:
स्क्रिप्टमध्ये `>>` च आहे, पाहूनच केलं होतं. ओळ जोडते. आणि धोंडू, म्हणजे तुला आता नोट आणखी लांब पाहिजे?

धंतोलीचा_धोंडू:
मले काहीच नको. फार तर एवढं करीन, जे मुद्दाम केलं नाही ते एका ओळीत लिहीन. HUP वाली गोष्ट पटली, कारण तो हुशार पोट्टा मीच असतो. बाकी लक्षण, कारण, तपासणी, ते तुमच्या लीडला लिहायला सांगा.

कॉटन_मार्केट:
तपासणी सोडू नको. `lsof +L1` मध्ये काही नाही हे लिहिलं म्हणूनच मी खात्रीने पुढचं विचारू शकलो. ‘वर्किंग फाइन’ लिहिलं असतं तर मी आधी तेच तपासत बसलो असतो.

इतवारीचा_भाऊ:
एक विचारू का? `daily` आहे. एखाद्या दिवशी ॲप वेडं झालं आणि दुपारीच डिस्क भरली तर?

कॉटन_मार्केट:
`maxsize 2G` घालता येते. पण logrotate स्वतः दिवसातून एकदाच चालत असेल तर त्याचा उपयोग नाही, त्याला तासाला चालवावं लागेल. आणि तासाला चालवलं की ताईंच्या त्या हरवणाऱ्या ओळी दिवसातून एकदा नाही, अनेकदा हरवू शकतात. बिलिंगवाल्यांनी एकदाच्या रोटेशनला होकार दिला होता का चोवीसला, ते त्यांना विचारावं लागेल.

सक्करदऱ्याची_सून:
एकदाच्या. उद्या विचारते.

इतवारीचा_भाऊ:
तोवर तिकीट ‘युजरच्या उत्तराची वाट’ मध्ये टाका.