मदत हवी आहे: ओझोनच्या विघटनात स्टेडी-स्टेट आणि 'स्लो स्टेप' यांची उत्तरं जुळत नाहीत

मेधा_टीवाय

नमस्कार मंडळी. टीवाय बीएस्सीच्या कायनेटिक्समधला प्रश्न आहे. वायुरूप ओझोन तापवला की त्याचा ऑक्सिजन होतो, त्याचं मेकॅनिझम असं दिलंय:

```
(1)   O3 + M     →  O2 + O + M    k1
(-1)  O2 + O + M →  O3 + M        k-1
(2)   O + O3     →  2 O2          k2
```

दुसरी पायरी स्लो आणि पहिली समतोलात धरली, तर ओझोन कमी होण्याचा वेग येतो:

```
R = 2 k1 k2 [O3]^2 / (k-1 [O2])
```

आणि O अणूला स्टेडी-स्टेट लावली की:

```
R = 2 k1 k2 [M] [O3]^2 / (k-1 [M] [O2] + k2 [O3])
```

वर्गात सांगितलं की छेदातली दुसरी संज्ञा लहान असते, सोडून द्या. पण तक्त्यातले आकडे घेतले तर २९८ केल्व्हिन आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला k-1[M] सुमारे 1.5e-14 येतो आणि k2 सुमारे 8e-15, दोन्ही cm3 प्रति रेणू प्रति सेकंद. जेमतेम दुप्पट! एवढ्या फरकावर कुठली पायरी स्लो म्हणायची?

सरळमार्गी

टोलनाक्यावर जी खिडकी हळू चालते, रांग तिच्यावरच ठरते. k2 लहान आहे, म्हणजे दुसरी पायरीच स्लो. दुप्पट काय नि दहापट काय. आणि स्टेडी-स्टेटमध्ये [O] स्थिरच धरतात ना? मग तो k2 मध्ये घालून टाक, R = k'[O3], पहिल्या घाताचा. परीक्षेला एवढं पुरे.

जुना_कायनेटिक्सवाला

सरळमार्गी, तुमच्या पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे, पण शेवटचं गणित चुकतंय. स्टेडी-स्टेट म्हणजे [O] सगळा वेळ तेवढाच राहतो असं नाही. O अणू तयार होण्याचा आणि खर्च होण्याचा वेग जवळजवळ सारखा असतो, त्यांच्यातली तफावत त्या दोन वेगांपुढे नगण्य, एवढाच त्याचा अर्थ. ओझोन संपत जाईल तसा [O] सुद्धा उतरत जातो. त्याला k मध्ये गाडून टाकलं तर ऑक्सिजनमुळे वेग मंदावतो ही गोष्टच समीकरणातून गायब होते.

मेधा, गृहीतक इथे धरावं का, हे आधी बघ. ९५ टक्के ऑक्सिजन, १ अ‍ॅटमॉस्फिअर, २९८ केल्व्हिन घेतलं, तर O अणू साधारण ३ मायक्रोसेकंदांत पुन्हा ओझोनमध्ये जातो. ओझोनचं विघटन मात्र त्यामानाने कमालीचं हळू चालतं. तेव्हा स्टेडी-स्टेटबद्दल मला इथे शंका वाटत नाही. शंका घ्यायची ती शॉर्टकटवर.

आता तुझा मूळ प्रश्न. k2 ची तुलना k-1[M] शी करून भागत नाही. छेदात k2 ला [O3] चिकटलाय आणि k-1[M] ला [O2]. म्हणून बघायची गोष्ट ही:

```
x = k2 [O3] / (k-1 [M] [O2])
शॉर्टकटचा वेग × 1/(1 + x) = स्टेडी-स्टेटचा वेग
```

ओझोन जनरेटरमधून येतो तसा ५ टक्के ओझोन, बाकी ऑक्सिजन घे. २९८ केल्व्हिनला x येतो ०.०२८, म्हणजे शॉर्टकट जेमतेम ३ टक्के जास्त वेग सांगतो. तुमच्या सरांचं म्हणणं इथे खरं ठरतं. पण ते ऑक्सिजन भरपूर असल्यामुळे ठरतं, k2 लहान आहे म्हणून नाही.

आता तेच मिश्रण ४०० केल्व्हिनला ने. k2 ला ऊर्जेचा अडथळा आहे, तापवल्यावर तो सुमारे 4.6e-14 होतो. k-1 उलट तापमानाबरोबर घटतो, शिवाय १ अ‍ॅटमॉस्फिअरला [M] पण विरळ होतो, त्यामुळे k-1[M] सुमारे 5.5e-15 वर येतो. k2 आता आठपटीहून मोठा! x = ०.४४, आणि खरा वेग शॉर्टकटच्या ६९ टक्केच. मिश्रण तेच, यंत्रणा तीच, फक्त शंभरेक अंश वाढले.

मेधा_टीवाय

म्हणजे ४०० ला पहिली पायरी स्लो धरायची? पण मग ऑक्सिजन भरपूर असताना x एकपेक्षा कमीच आहे की, ०.४४.

जुना_कायनेटिक्सवाला

बरोबर पकडलंस. तिथे दोन्हीपैकी एकही शॉर्टकट चालत नाही, अख्खं समीकरण वापरायचं.

आणि गंमत बघ, एकाच प्रयोगात स्लो पायरी बदलू शकते. निष्क्रिय वायूत पातळ केलेला ओझोन घे, सुरुवातीला ऑक्सिजन शून्य. तेव्हा छेदात उरतो फक्त k2[O3], वेग होतो 2k1[M][O3], घात एक. जसजसा ऑक्सिजन साठतो तसतसा घात दोनकडे सरकतो आणि छेदात [O2] डोकावू लागतो. M म्हणून कुठला वायू आहे त्याने k-1 थोडा बदलतो, ते सोडलं तर ४०० केल्व्हिनला दोन्ही संज्ञा बरोबरीला येतात ते सुमारे ८५ टक्के ओझोन संपल्यावर. २९८ ला तेच सुमारे २६ टक्क्यांवर. प्रश्नपत्रिकेत 'दुसरी पायरी स्लो आहे' असं एका ओळीत लिहून मोकळे होतात, त्याचा मला जुना राग आहे.

बाटलीवाले

आमचा पाण्याच्या बाटल्यांचा छोटा प्लांट आहे, शेवटी ओझोन सोडतो. तो पाण्यातून किती वेळात जाईल ते या सूत्राने काढता येईल का सर? गिऱ्हाईक वासाची तक्रार करतात.

जुना_कायनेटिक्सवाला

नाही हो, हे वायूचं गणित आहे. पाण्यात हायड्रॉक्साइड आयनांपासून वेगळीच साखळी सुरू होते आणि पीएच वाढला की ओझोन लवकर जातो. तुमच्यासाठी नवा धागा काढा, इथे सरमिसळ होईल.

लॅबबॉय_नाशिक

मेधाला आकड्यांवरून खात्री करायची असेल तर सरांचं समीकरण उलटं मांडावं:

```
[O3]/R = 1/(2 k1 [M]) + (k-1 / (2 k1 k2)) · [O2]/[O3]
```

दाब नि तापमान तेच ठेवून [O3]/R विरुद्ध [O2]/[O3] असा आलेख काढायचा. शॉर्टकट खरा असेल तर रेषा शून्यातून जाईल. स्टेडी-स्टेटप्रमाणे उभ्या अक्षावर छेद मिळेल, आणि छेद भागिले चढ म्हणजे k2/(k-1[M]).

पण एक अडचण. आमच्याकडे ५ टक्के ओझोन ऑक्सिजनमध्ये घेऊन केलं तेव्हा [O2]/[O3] १९ पासूनच सुरू झाला आणि पुढे वाढतच गेला. छेद शून्यापासून इतक्या लांबून ओढून काढायचा म्हणजे सगळी चूक त्याच्यावर बसते. ऑक्सिजन कमी ठेवून करायला हवं.

जुना_कायनेटिक्सवाला

आलेख चांगला सुचवलात. पण काचेच्या भिंतीवरही ओझोन मोडतो ना? तो भाग ऑक्सिजनवर अवलंबून नसेल तर तो R मध्ये मिसळेल आणि रेषा वाकवेल. भांड्यात काचेचे तुकडे भरून, पृष्ठभाग वाढवून तोच प्रयोग केला होतात का?

लॅबबॉय_नाशिक

नाही केला. ६० अंशांच्या रनमध्ये रेषा डावीकडे थोडी वर वळलेली दिसते, भिंतीमुळे असती तर ती खाली वळायला हवी होती ना? की माझं चिन्ह उलटं होतंय?

मेधा_टीवाय

भिंतीमुळे R वाढला तर [O3]/R कमीच होणार, आणि त्याचा फरक उजवीकडे जास्त पडणार, कारण तिथे मूळ वेग मंद असतो. म्हणजे उजवं टोक खाली झुकलं की डावीकडचा चढ त्यामानाने जास्त दिसेल? रनचे आकडे इथे टाकता का? मी रेषा बसवून बघते.