शेतात शुगर उतरली तर: पेढा नको, साखरपाणी

> "कापूस वेचताना बाबांना थरथर सुटली, दरदरून घाम आला. पेढा दिला, तरी लवकर उतार पडला नाही. असं का?"

पेढ्यातल्या खव्याच्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, म्हणून. तेव्हा साधी साखरच द्या: चार सपाट छोटे चमचे, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम, अर्ध्या गिलास पाण्यात. मग सावलीत बसवून 15 मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. समजा आधी 56 होती, आता 65 आली. 70 च्या खालीच आहे, म्हणून पुन्हा तेवढंच साखरपाणी. पुढे 88 दिसली की भाकर-वरण खाऊ घाला. मशीन जवळ नसेल तर लक्षणांवरूनच सुरू करा, मोजायला घरी धावू नका.

गोळीच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड लिहिलंय का, तेवढं नक्की पाहा. तिचा असर लांबतो, बरं वाटल्यावरही काही तासांनी शुगर पुन्हा उतरू शकते. त्या दिवशी बाबांना एकटं सोडू नका, डॉक्टरांना कळवा. व्होग्लिबोज असेल तर साखर नीट लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच लागते.

आणि बाबा बरळायला लागले, गिळता येईना, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवून 108 ला फोन लावा.