प्रतिसाद: नावात कर्ता विद्यार्थी असावा

> "ज्यांच्या घरातून आजवर कोणीच कॉलेजात गेलेलं नाही अशा मुलांसाठी मार्गदर्शन उपक्रम सुरू करतोय. उपकार वाटणार नाही असं नाव सुचवा."

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' या योजनेच्या नावात दोन्ही क्रिया विद्यार्थ्याच्याच आहेत, देणारा कुठेच दिसत नाही. 'आधार' किंवा 'दत्तक' अशा नावांत मात्र तोच पुढे येतो. 'पहिली पिढी' हे शब्दही प्रवेशाच्या निकषात असावेत, नावात नकोत, कारण सूचनाफलकावर यादी लागताच प्रत्येकाच्या घरची परिस्थिती वर्गासमोर उघडी पडते. मला 'पुढची वाट' हे नाव योग्य वाटते, आणि मार्गदर्शकांना 'ज्येष्ठ सहाध्यायी' म्हणावे. नाव पक्के करण्यापूर्वी काही विद्यार्थ्यांना ते स्वतःच्या बायोडेटात लिहून पाहायला सांगा. लिहिताना ज्या नावाशी त्यांचा हात अडखळेल, ते निःसंकोच वगळावे.