मदत हवी आहे: सहा वर्षांच्या नातवासाठी पहिली मराठी पुस्तकं

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागरला असतो, लेक जर्मनीत. नातवाला घरातलं मराठी समजतं, पण 'ये, जेव, झोप, पाणी दे' एवढंच. मे महिन्यात आला तेव्हा मी गोष्ट वाचायला घेतली. पहिल्याच पानावर 'रहाट', 'पाणंद', 'उद्गारला' आले आणि तो उठून गेला. रहाट त्याला विहिरीवर नेऊन दाखवला, दोर ओढायला दिला. तो शब्द मात्र पक्का बसला. 'उद्गारला' कुठे दाखवू?

एका पानावर दोनपेक्षा जास्त नवे शब्द आले की तो थांबतो, हे आता कळलंय. म्हणून पानाला एक-दोन ओळी, तेच वाक्य पुन्हा पुन्हा येणारं, 'म्हणाला', 'गेलं' असं बोलीतलं मराठी आणि चित्रातच अर्थ कळेल अशी पुस्तकं हवीत. जोडाक्षरं असली तरी चालतील, वाचून आम्हीच दाखवणार, रोज व्हिडिओ कॉलवर.

माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' संच मनात आहे, कारण आई-बाबा, आजी-आजोबा हे शब्द त्याला येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पहिल्या पातळीच्या गोष्टी फुकट आहेत, पण त्याला हातात धरायला पुस्तक हवं.

दिवाळीत लेक येईल, तिच्या बॅगेत पाच-सहाच मावतील. तुमच्या परदेशातल्या मुलांनी कुठलं पुस्तक स्वतःहून पुन्हा मागितलं?