लहानग्यांचा धूसर फोटो मोठा करून फ्रेम केलाय का? अनुभव सांगा

सावली
लेकीचा सहाव्या वर्षीचा एकच फोटो उरलाय. समोरचा दुधाचा दात पडलेला, तरी तोंड भरून हसतेय. फाइल जेमतेम ४८० बाय ६४० पिक्सेल, फ्रेम हवी ८ बाय १० इंचांची. ॲपमधला चेहरा सुधारण्याचा पर्याय लावला तर फोटो लख्ख झाला, पण पडलेल्या दाताच्या जागी दात आला! तुम्ही कसं केलंत?

अनिकेत
फोटोचा डीपीआय ७२ चा ३०० करा. छापणारे तेवढंच मागतात.

मीरा
मागतात खरं, पण नुसता आकडा बदलून एकही पिक्सेल वाढत नाही. सावली, फ्रेमच्या प्रमाणात कापलात की ४८० बाय ६०० उरतील, म्हणजे इंचाला ६०. चौपट केलंत तर २४०, भिंतीवर पुरे.

भाच्याच्या फोटोला मी आधी मूळ आकारातच जेपेगचे चौकोन हलके पुसले. ते राहिले की तेही चौपट होतात आणि गालावर फरशी बसवल्यासारखी दिसते. मग चेहऱ्याचा पर्याय बंद ठेवून फोटो मोठा केला. सुधारलेली प्रत वर वेगळ्या लेयरवर ३० टक्के ठेवली आणि तोंडाचा भाग मास्कने झाकला. उघड्या तोंडात दात असणारच, असं धरून ते मॉडेल रिकामी जागा भरतं. शेवटी थोडा ग्रेन घातला, नाहीतर गाल मेणाचे वाटतात.

झाल्यावर प्रत परत ४८० वर आणा आणि मूळ फोटोवर ठेवून उघडझाक करा. डोळे किंवा ओठ जागचे हलले, तर चेहरा बदललाय.

गोदा
माझ्या आजोबांचा कागदी फोटो पिवळा पडलाय, त्यालाही हेच चालेल का?

मीरा
कागद हाती आहे ना? मग आधी ६०० डीपीआयने स्कॅन करा. तुमचं दुखणं रंगाचं आहे, पिक्सेलचं नाही.

सुहास
फोटो चॅटमधून आलेला असेल तर काढणाऱ्याकडे मूळ फाइल मागा, डॉक्युमेंट म्हणून. मला ती मिळाली नाही. मग मी फोटोच ४ बाय ५ इंच छापला आणि ८ बाय १० च्या फ्रेममध्ये भोवती रुंद पांढरा माउंट दिला. दुप्पट करूनच भागलं. कागद मॅट घेतला, चकचकीत कागदावर प्रत्येक दोष उठून दिसतो.

सावली
मीराताई, मास्क लावल्यावर दाताची खिंड परत आली! चौकोन पुसताना मात्र हनुवटीवरचा तीळ गेला, तो मूळ फोटोतून पुन्हा आणला. आता डोळे अडलेत. सुधारलेल्या प्रतीत उजव्या डोळ्यातला उजेडाचा ठिपका बाहुलीच्या मधोमध आलाय, मूळ फोटोत तो वर होता. ३० टक्क्यांवरही नजर थोडी परकी वाटते.

मीरा
मग डोळेही झाका. धूसर राहिले तरी तिचेच राहतील.

सुहास
मी नाही झाकणार. पूर्ण धूसर डोळे फ्रेममध्ये फार खटकतात. १५ टक्क्यांवर एक छोटी प्रत छापून बघा, पडद्यावर हे ठरत नाही.

सावली
दोन्ही छापायला देतेय, ४ बाय ५ मध्येच.