मदत हवी आहे: भागीदारीपत्रात लवादाचं कलम असताना चुलतभावाने दावा लावलाय, कोर्ट लवादाकडे पाठवेल का?

खतावणी
घरच्या फर्मचं भागीदारीपत्र आहे. कलम १४ म्हणतं, "भागीदारांमधील कोणताही वाद फर्मचे सीए यांच्याकडे लवाद म्हणून सोपवला जाईल व त्यांचा निर्णय अंतिम राहील." तरी चुलतभावाने थेट दिवाणी कोर्टात दावा लावलाय: हिशेब द्या, फर्म विसर्जित करा, आणि मला बँक खातं वापरायला मनाई करा. पुढच्या तारखेला कैफियत द्यायची आहे. कलम दाखवलं की दावा निघून जातो ना? लवकर सांगा, तारीख जवळ आहे.

शेंडेनक्षत्र
हो, निघूनच जातो. कलम असलं की कोर्टाला हात लावता येत नाही. पहिल्याच तारखेला तोंडी सांगा.

निशाणी_पाच
तोंडी सांगून काही होत नाही. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ८ खाली लेखी अर्ज लागतो आणि तो कैफियतीच्या आधी किंवा फार तर त्याच दिवशी द्यावा लागतो. कोर्ट स्वतःहून भागीदारीपत्र चाळून तुम्हाला लवादाकडे धाडत नाही. कैफियत देऊन बसलात आणि महिन्याने कलम आठवलं, तर समोरचा म्हणणार की तुम्ही कोर्ट मान्य केलंत.

खतावणी, हे सांगा: समन्स कधी मिळालं? निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, म्हणणं दिलंय का? मूळ भागीदारीपत्र कोणाकडे आहे? भागीदारीपत्रावर तुमची सही आहे का? आणि दाव्यात भागीदारांशिवाय कोणी प्रतिवादी आहे का?

खतावणी
समन्स गेल्या महिन्याच्या २६ तारखेला. निशाणी ५ वर वकिलांनी म्हणणं दिलंय. मूळ कागद चुलतभावाच्याच कपाटात, माझ्याकडे झेरॉक्स. सही वडिलांची, ते दोन वर्षांपूर्वी गेले. त्याने काय फरक पडतो?

मंजिरी_क
फरक पडतो! भागीदार वारला की फर्म संपते, मग कलम कुठलं उरतं? आमच्या सोसायटीत पण सभासद वारल्यावर नॉमिनीचा घोळ झाला होता, त्यात उपनिबंधकांकडे…

निशाणी_पाच
सोसायटीचा विषय वेगळा, त्यावर धागा काढा. फर्म विसर्जित झाली तरी लवादाचं कलम जिवंत राहतं, कारण विसर्जनानंतरच्या हिशेबाचे वाद हेच तर त्या कलमाचं मुख्य काम. भागीदार वारल्याने लवाद करार संपत नाही, तो वारसांना आणि वारसांविरुद्ध लागू होतो, असं त्याच कायद्याचं कलम ४० सांगतं. तेव्हा तुमची सही नसणं ही अडचण नाही. अर्जात "मयत भागीदाराचा कायदेशीर वारस" असं स्पष्ट लिहा आणि मृत्यूचा दाखला जोडा.

निशाणी ५ वरच्या म्हणण्याने कलम ८ चा हक्क जात नाही. मनाईला विरोध करणं म्हणजे मूळ वादावर पहिली कैफियत देणं नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये राष्ट्रीय इस्पातच्या निकालात मानलंय. फक्त त्या म्हणण्यात "लवादाच्या हक्काला बाध न येता" असं वाक्य आहे का, वकिलांना विचारा.

आता झेरॉक्स. अर्जासोबत मूळ किंवा प्रमाणित प्रत हवी, नुसत्या झेरॉक्सवर अर्ज अडतो. पण मूळ कागद समोरच्याकडे असेल तर झेरॉक्स जोडून, त्याच्याकडून मूळ हजर करवा अशी विनंती कोर्टाला करता येते. हे लोक विसरतात, आणि अर्ज त्याच मुद्द्यावर फेटाळला जातो.

दाणेवाला
सीए फर्मचा असेल तर तो लवाद कसला? त्याच्याकडे हिशेब नेलेत तर तो स्वतःच्या सहीचे ताळेबंद तपासणार. त्यापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्याला बसवून मिटवा, आमच्याकडे तसंच झालं.

निशाणी_पाच
पहिलं वाक्य बरोबर. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पक्षकाराचा सल्लागार किंवा ज्याचा त्याच्याशी व्यावसायिक संबंध आहे तो लवाद होऊ शकत नाही, सगळ्यांनी वाद उपस्थित झाल्यावर लेखी मान्यता दिली तरच होतो. पण त्याने कलम १४ रद्द होत नाही. दुसऱ्या नावावर एकमत करा. नाहीतर लवाद मागणारी लेखी नोटीस द्या आणि तीस दिवसांत नाव ठरलं नाही तर हायकोर्टात कलम ११ चा अर्ज करा. नोटीस आजच काढली तरी चालते, कलम ८ चा अर्ज पडून असताना लवाद सुरू करायला बंदी नाही.

शेंडेनक्षत्र
पण चुलतभावाने अफरातफरीचा आरोप केला असेल तर? अफरातफर लवादाकडे जात नाही, फौजदारी प्रकरण असतं.

निशाणी_पाच
हा जुना समज. २०१६ चा अय्यासामी निकाल बघा, भावाभावांच्या हॉटेलच्या भागीदारीचाच आहे. खालच्या दोन्ही कोर्टांनी अफरातफरीच्या आरोपावरून लवाद नाकारला होता, सुप्रीम कोर्टाने तो उलटवला. खात्यातून पैसे काढले, हिशेब दाखवत नाही असे फर्मच्या आतले आरोप लवाद हाताळू शकतो. लवादाचा करारच खोट्या सहीचा आहे असा आरोप असेल तर गोष्ट वेगळी.

खतावणी
आरोप "खोट्या नोंदी" एवढाच आहे. आणि हो, आत्या पण प्रतिवादी आहे. दाव्यात आजोबांच्या नावचं गोदाम वाटून मागितलंय. ते फर्मच वापरते.

निशाणी_पाच
हेच आधी सांगायला हवं होतं. खरी गाठ इथे आहे. आत्या भागीदार नाही, तिने सही केलेली नाही, ती आजोबांची वारस म्हणून आली आहे. लवाद तिला बांधू शकत नाही. वादी अशी मागणी मुद्दाम जोडतात, म्हणजे म्हणता येतं की अर्धा वाद लवादाबाहेरचा, मग सगळाच कोर्टात ठेवा. २००३ च्या सुकन्या निकालाने दाव्याचे तुकडे करून काही भाग लवादाकडे पाठवायला नकार दिला होता. २०१५ नंतर कलम ८ ची भाषाच बदलली: कोणताही न्यायनिर्णय असला तरी, प्रथमदर्शनी वैध करार दिसला की पाठवा. तुकड्यांबद्दल मात्र न्यायाधीश अजूनही एकसारखं वागत नाहीत.

तुमच्या बाजूने सगळ्यात जड कागद म्हणजे ताळेबंद. गोदाम फर्मची मालमत्ता म्हणून त्यात दाखवलंय का, की फर्म भाडं देत होती? आजोबांनी ते भांडवल म्हणून फर्ममध्ये घातल्याचं दिसलं, तर गोदामाचा प्रश्न फर्मच्या हिशेबाचाच होतो. भाडं दाखवलंय, तर वाटप हा निव्वळ वारसांचा विषय. तेव्हा निदान हिशेब, विसर्जन आणि बँक खातं एवढं लवादाकडे पाठवा, असा पर्यायी विनंती-परिच्छेद अर्जात घालाच.

मंजिरी_क
आत्याने लेखी संमती दिली तर?

निशाणी_पाच
वेगळा लेखी लवाद करार तिच्यासह सगळ्यांच्या सहीने झाला तर चालेल. चुलतभाऊ सही करेल का, हा प्रश्न.

आणि खतावणी, अर्ज दिला म्हणून कैफियतीची मुदत आपोआप थांबत नाही. साध्या दाव्यात ३० दिवस, कोर्टाने वाढवली तर ९०. व्यापारी न्यायालयात लागला असेल तर १२० नंतर दार बंद. दाव्याच्या शिक्क्यावर व्यापारी दावा लिहिलंय का बघा. तारखेच्या आधी अर्ज दाखल करा, मग गरज पडली तर त्या अर्जाला बाध न येता कैफियत.

खतावणी
साधा दावा आहे. ताळेबंदात २०११ पर्यंत गोदाम "स्थावर" खाली दिसतं, नंतर नाही. भाडं कुठल्याच वर्षी नाही. म्हणजे?

दाणेवाला
म्हणजे सीएलाच विचारा, त्यानेच काढलं असणार.

निशाणी_पाच
विचारा, पण लेखी. आजोबा २०११ च्या आसपास गेले का? गोदाम वगळताना भांडवल खात्यात उलट नोंद आहे का? ते कळल्याशिवाय सांगता येणार नाही.